मोड, कड आणि रबरी कडे : मूळव्याधीच्या उपचारांचा इतिहास

गुहागरमध्ये या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा काहींनी हळूच विचारलं, की हा काय चारचौघांत बोलायचा विषय आहे का? आम्हाला वाटतं, चारचौघांत बोलला जात नाही म्हणूनच याचा धंदा भिंतींवर रंगवलेल्या पाट्यांवर चालतो. तेव्हा आज सरळ बोलू.

सुरुवात सुश्रुतापासून करावी लागते. सुश्रुतसंहितेत अर्शावर चार उपाय आहेत: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. पण कोणता उपाय कोणाला द्यायचा हे वैद्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. नवा आणि सौम्य असेल तर औषध. मऊ, पसरलेला, खोल असेल तर क्षार. खरखरीत, जाड, कठीण असेल तर डाग. आणि बारीक मुळाचा, वर आलेला, ओलसर मोड असेल तर शस्त्र. म्हणजे आधी मोड कसा आहे ते बघा, मग हात लावा. बघण्यासाठी यंत्रही सांगितलं आहे: गाईच्या आचळाच्या आकाराचं, चार अंगुळे लांब, बाजूला खिडकी असलेलं. आजचा प्रॉक्टोस्कोप याहून फार वेगळा दिसत नाही. क्षार लावून शंभर अक्षरं उच्चारायला लागतील इतका वेळ थांबायचं, मोडाला पिकल्या जांभळाचा रंग आला की धुवायचं, आणि दुसऱ्या मोडाला हात लावायचा तो सात दिवसांनी. एका वेळी एकच. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सुश्रुताने गुदाच्या आत तीन वळ्या सांगितल्या आहेत. त्यांतल्या एकीचं नाव प्रवाहणी, म्हणजे कुंथणारी. कारणांच्या यादीत वेग अडवणं आणि सतत उकिडवं बसणंही आहे. म्हणजे कुंथण्याचा संबंध जुना आहे, पण तो नेमका काय हे कळायला १९७५ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत पश्चिमेतही समज असा, की मूळव्याध म्हणजे पायाच्या शिरा फुगतात तशा फुगलेल्या शिरा. थॉमसन नावाच्या ब्रिटिश सर्जनने शवांवर बारकाईने अभ्यास करून दाखवलं, की या गाद्या प्रत्येक माणसात जन्मापासूनच असतात. साधारण तीन, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या. वारा आणि पातळ मळ रोखायला त्या मदत करतात. मग आजार कुठला? गाद्यांना आतल्या भिंतीशी बांधून ठेवणारे तंतू सैल होतात, तुटतात, आणि गादी खाली घसरते. हा आजार.

आता कुंथणं. माणूस श्वास रोखून जोर लावतो तेव्हा पोटातला दाब वाढतो, गाद्यांतलं रक्त परत वर जाऊ शकत नाही, त्या फुगतात. त्याच वेळी कडक मळ त्यांना घासत खाली ओढतो. एका दिवसात काही होत नाही. पण महिनोन् महिने रोज हेच झालं की दोऱ्या झिजतात. खालची कड सुटलेला पडदा जसा लोंबतो, तसं. आणि हल्ली मोबाईल घेऊन वीस मिनिटं बसायची सवय आहे, त्यात जोर लावला नाही तरी गाद्या खाली लोंबत, फुगतच राहतात.

इथे पायऱ्यांचा, म्हणजे ग्रेडचा अर्थ उलगडतो. लीड्सचे सर्जन गोलिघर यांच्या पाठ्यपुस्तकामुळे ही प्रतवारी जगभर रुळली. पहिली: रक्त पडतं, पण बाहेर काही येत नाही. दुसरी: कुंथताना येतं, आपोआप आत जातं. तिसरी: बोटाने आत ढकलावं लागतं. चौथी: ढकललं तरी बाहेरच. म्हणजे ग्रेड ही त्रास किती याची मोजणी नाही, दोऱ्या किती तुटल्या याची आहे. म्हणूनच पहिल्या ग्रेडच्या माणसाचं हिमोग्लोबिन रक्त जाऊन जाऊन घसरलेलं असू शकतं, आणि तिसऱ्या ग्रेडचा माणूस वर्षानुवर्षं ढकलून कामाला जात असतो. शिवाय बाहेरच्या कातडीचे मोड या प्रतवारीत बसतच नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा वेळणेश्वरकडचा पंचावन्न वर्षांचा बागायतदार आहे. शौचाला लाल रक्त, दुखत नाही, काहीतरी बाहेर येतं. डॉक्टर एकच प्रश्न विचारतात, 'आपोआप आत जातं की हात लावावा लागतो?' तो म्हणतो, 'जातं हो, उठलो की जातं.' म्हणजे दुसरी ग्रेड. पण पंचावन्न वर्षांच्या माणसाचं रक्त मूळव्याधीचंच आहे असं धरून चालत नाही. हिमोग्लोबिन तपासायचं, आणि कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायची. मग पहिले सहा आठवडे आहार: इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, कुळथाचं पिठलं, भाज्या, आणि कुंथणं बंद. केवळ एवढ्यानेही अनेकांचं रक्त थांबतं.

त्याचं थांबलं नाही असं समजा. मग रबरी कडं, म्हणजे बँडिंग. ब्लेसडेल यांनी १९५८ साली गाठ बांधण्याचं यंत्र केलं, आणि डेट्रॉइटच्या बॅरन यांनी १९६३ साली त्यात रबरी कडी वापरली. प्रॉक्टोस्कोपमधून मोड ओढून घ्यायचा आणि त्याच्या मुळावर कडं सोडायचं. भूल लागत नाही, कारण दंतुर रेषेच्या वरच्या भागाला कातडीसारखी वेदना कळत नाही. कडं त्या रेषेच्या खाली बसलं तर माणूस तिथेच कळवळतो, आणि ते लगेच काढावं लागतं. नीट बसलं तर पाच ते दहा दिवसांत मोड गळून पडतो आणि तिथे पडलेला व्रण गादीला भिंतीशी पुन्हा धरून ठेवतो. तुटलेल्या दोरीच्या जागी नवी गाठ, असं म्हणा. साधारणपणे एका बैठकीत एक-दोन मोड, मग काही आठवड्यांनी पुढचे. सात दिवसांचा सुश्रुत आठवला ना?

शस्त्रक्रिया वेगळी. मिलिगन आणि मॉर्गन यांनी लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातून १९३७ साली मांडलेली पद्धत आजही मुख्य आहे: मोड कापून काढायचे, जखमा उघड्या ठेवायच्या, पण त्यांच्यामध्ये कातडीच्या पट्ट्या राखायच्या, नाहीतर गुदद्वार आकसतं. दुखणं मोठं, पहिले काही दिवस शौच म्हणजे संकट, कामावर जायला काही आठवडे. बदल्यात मोड परत यायची शक्यता कमी. अभ्यासांचं सार असं, की तिसऱ्या ग्रेडमध्ये कापण्याचा निकाल अधिक टिकाऊ, दुसऱ्या ग्रेडमध्ये दोन्ही जवळपास सारखे, आणि दुखणं कड्याचं खूपच कमी. म्हणून बागायतदाराला कडं, आणि बाहेरच्या कातडीसकट लोंबणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या ग्रेडला शस्त्रक्रिया.

पण 'एकदा कडं घातलं की सुटलो' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१६ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एका बँडिंगनंतर वर्षभरात जवळपास निम्म्यांना लक्षणं परत आली होती. कडं पुन्हा घालता येतं, हा त्याचा गुण आहे.

आपला बागायतदार चिपळूणला कडं घालून दुपारच्या एसटीने घरी येईल. पहिले दोन दिवस जड वाटणं, शौचाची खोटी भावना, हे चालतं. पाचव्या ते दहाव्या दिवसात मोड गळताना रक्त येऊ शकतं. त्या दिवसांत नारळावर चढणं, लांबचा प्रवास टाळावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावं, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पण ताप आला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लघवी अडली, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालय गाठायचं. ओटीपोटातला जंतुसंसर्ग विरळाच होतो, पण झाला तर जिवावर बेततो.