पडद्यावरची अक्षरे आणि यंत्राचे वाचन

१९९४ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘इन्फॉर्मीडिया’ नावाचा एक प्रकल्प सुरू झाला. दूरचित्रवाणीवरील बातम्या व माहितीपट यांचा मोठा संग्रह करावयाचा आणि ग्रंथालयात जसे विषयावरून पुस्तक काढता येते, तसे शब्दावरून चित्रफितीतील नेमके स्थळ काढता यावे अशी सोय करावयाची, हा त्याचा हेतू होता. त्यासाठी बोललेले शब्द यंत्राकडून उतरवून घेण्यात आले. परंतु लौकरच असे दिसून आले की, बातम्यांत पुष्कळ गोष्टी कोणी बोलतच नाही. निवेदक म्हणतो, ‘तेथील एक अधिकारी म्हणाले’. तो अधिकारी कोण, त्याचे नाव काय, हुद्दा काय, हे तोंडाने न सांगता चित्राच्या तळाशी चार सेकंद लिहून दाखविले जाते. ते लिखाण वाचता आले नाही, तर तो मनुष्य त्या संग्रहात असून नसल्यासारखाच.

छापील कागद वाचणारी यंत्रे त्या वेळी नवी नव्हती. कागदावरील अक्षर ओळखण्याच्या या विद्येला ओ. सी. आर. म्हणतात, आणि बँकांत व टपालखात्यांत ती कित्येक वर्षे वापरात होती. तेव्हा चित्रफितीतील एक स्थिर चित्र, म्हणजे एक फ्रेम, उचलावी आणि ती त्या यंत्रापुढे ठेवावी, एवढेच काम उरले आहे असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात यंत्राने जे वाचले ते बहुतेक निरर्थक होते.

याचे कारण मोजमापात आहे. यंत्राला चित्र दिसते ते बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखे. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. पुस्तकाचे पान यंत्रात घेताना एका इंचात साधारण ३०० पिक्सेल पाडतात, आणि त्यामुळे एकेका अक्षराच्या वाट्याला चाळीस-चाळीस पिक्सेलांची उंची सहज येते. उलट पिट्सबर्गच्या संग्रहातील संपूर्ण चित्रच ३५२ पिक्सेल रुंद आणि २४२ पिक्सेल उंच होते. त्यातील नामपट्टीचे अक्षर १० पिक्सेलांपेक्षाही लहान भरे. दहा आडव्या आणि दहा उभ्या चौकोनांत एक अक्षर काढून पाहावे, म्हणजे अडचण ध्यानात येईल. रेघ एका चौकोनाची. ती दोन चौकोनांच्या मधोमध पडली की दोन्ही करडे होतात आणि काळे-पांढरे ठरविताना ती रेघ एक तर दुप्पट जाड होते, नाही तर नाहीशी होते.

आपल्या देवनागरीला हा न्याय अधिकच कठोरपणे लागू पडतो. शिरोरेषा अक्षरांना एकमेकांस बांधून ठेवते, म्हणून एक अक्षर कोठे संपले हेच यंत्राला आधी शोधावे लागते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद एका लहानशा फटीचा किंवा वळणाचा. आणि अनुस्वार तर एकाच पिक्सेलाचा धनी. तो गळला की ‘मंद’ माणूस ‘मद’ होतो आणि ‘चिंते’ची ‘चिता’ होते. शब्दकोशाचा आधार घ्यावा तर दोन्ही शब्द कोशात आहेतच!

पिट्सबर्गच्या तोशिओ सातो, ताकेओ कानाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या अडचणीवर जो उपाय प्रसिद्ध केला, तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी प्रथम अक्षर चौपट मोठे करून मधल्या जागा आजूबाजूच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरल्या. हे भिंगासारखे झाले. त्याने नवी माहिती मिळत नाही, फक्त कडा गुळगुळीत होतात. खरी युक्ती पुढची होती. नामपट्टी पांढरी असते आणि तीन-चार सेकंद एकाच जागी राहते. तिच्यामागचे चित्र मात्र हलत असते. अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ३० फ्रेमा, म्हणजे तीन सेकंदांत ९० फ्रेमा होतात. आता चित्रातील एकच जागा घ्यावी आणि या ९० फ्रेमांत ती सर्वांत काळोखी केव्हा होती, तेवढेच मूल्य टिपावे. अक्षराच्या रेघेवरची जागा सदैव पांढरी. तिचे सर्वांत काळोखे मूल्यही पांढरेच येणार. पार्श्वभूमीची जागा कधी उजळ, कधी काळी. तिचे मूल्य काळे येणार. असे प्रत्येक जागेचे केले की मागची गर्दी विझून जाते आणि काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे उरतात. जी माहिती एका फ्रेमेत नव्हती, ती काळाकडून मागून घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही युक्ती फसते केव्हा, हेही उघड आहे. बोलणाऱ्याचा पांढरा सदरा नामपट्टीमागे स्थिर राहिला, तर सदराही पांढराच उरतो आणि अक्षर त्यात बुडते. परंतु त्याहून मोठी गोम निराळीच आहे. सारी मदार अक्षर स्थिर राहण्यावर आहे, आणि थोड्याच वर्षांत दूरचित्रवाणीवरचे अक्षर चालू लागले.

पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी पूर्वीही अधूनमधून दिसे. परंतु ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील हल्ल्यांच्या दिवशी अमेरिकेतील वृत्तवाहिन्यांनी ती लावली आणि नंतर ती काढलीच नाही. आपल्याकडील वृत्तवाहिन्यांवरही ती पुढे घरोघर परिचयाची झाली. आता वरची युक्ती या पट्टीला लावून पाहू. ३५२ पिक्सेलांचा पडदा एखादा शब्द सहा सेकंदांत ओलांडतो असे धरले, तर तो सेकंदाला सुमारे ६० पिक्सेल, म्हणजे प्रत्येक फ्रेमेत दोन पिक्सेल सरकतो. रेघेची जाडी साधारण तेवढीच. पहिल्या फ्रेमेत जेथे पांढरी रेघ होती, तेथे दुसऱ्या फ्रेमेत काळी पट्टी आलेली असते. सर्वांत काळोखे मूल्य टिपू लागताच साऱ्या पट्टीवर बोळा फिरतो. ज्या उपायाने लहान अक्षर वाचविले, तोच उपाय हलते अक्षर पुसून टाकतो. आणि पट्टीवरचे अक्षर तर लहानही असते व हलतेही.

यात आणखी एक भर जुन्या प्रक्षेपणपद्धतीची. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत एक फ्रेम एकदम घेतली जात नसे. आधी एकाआड एक ओळी आणि एक-पन्नासांश सेकंदाने उरलेल्या ओळी, अशा दोन हप्त्यांत ती येई. ७२० पिक्सेलांचा पडदा सहा सेकंदांत ओलांडणारे अक्षर तेवढ्या अवधीत सुमारे अडीच पिक्सेल पुढे गेलेले असते. दोन्ही हप्ते एकत्र केले की उभ्या कण्याला फणीसारखे दाते फुटतात. दाते टाळण्यासाठी एकच हप्ता घ्यावा, तर वीस ओळींचे अक्षर दहा ओळींचे होते. म्हणजे हलण्याचा दोष काढू जावे, तर लहानपणाचा दोष पदरात पडतो. जुन्या ध्वनिचित्रफिती संग्रहात घेणाऱ्यांना हे दाते अद्यापि भेटतात.

याहून साधे, आणि म्हणूनच दुर्लक्षिलेले, कारण म्हणजे यंत्र सगळ्या फ्रेमा पाहतच नाही. एका तासात पाल पद्धतीच्या ९०,००० फ्रेमा होतात. इतक्या वाचण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून ठरावीक अंतराने एकेक उचलतात. दर दहा सेकंदांनी एक उचलली असे समजा. आपली पट्टी सेकंदाला १२० पिक्सेल चालते; म्हणजे दोन उचलींच्या मध्ये १,२०० पिक्सेल मजकूर येऊन जातो, आणि दिसतो त्यातला फक्त पडद्याभर, ७२० पिक्सेल. उरलेला ४८० पिक्सेलांचा, म्हणजे पाच हिश्शांपैकी दोन हिश्शांचा मजकूर, यंत्र कितीही हुशार असले तरी त्याच्यापुढे कधी आलाच नाही. दर पाच सेकंदांनी पाहिले तर मजकूर सुटत नाही, पण कडेला तुटलेले शब्द जोडून वाक्य सांधावे लागते. काही ठिकाणी दृश्य बदलले तरच फ्रेम उचलतात. निवेदक चाळीस सेकंद एकाच बैठकीत बोलत राहिला, तर यंत्राच्या मते काहीच घडले नाही. त्या अवधीत पायाशी चार-पाच बातम्या सरकून गेलेल्या असतात.

आता चित्रे १,९२० पिक्सेल रुंद झाली, तेव्हा निदान लहानपणाचा प्रश्न मिटला असेल, अशी समजूत होते. ती सर्वस्वी खरी नाही. आजची यंत्रे आधी चित्रात अक्षरे कोठे आहेत हे शोधतात आणि मग वाचतात. शोधण्याचे काम झटपट व्हावे म्हणून पुष्कळदा सबंध चित्र लहान करून घेतात. १,९२०चे ६४० केले की २४ पिक्सेलांचे अक्षर ८ पिक्सेलांचे होते. १९९८ सालच्या पिट्सबर्गच्या अक्षरापेक्षाही लहान! पडदा मोठा दिसतो, पण यंत्राच्या डोळ्यापुढे आलेले चित्र मोठे असेलच असे नाही. टेसेरॅक्ट हे सर्वत्र वापरले जाणारे मुक्त ओ. सी. आर. साधन आहे. रोमन ‘x’ या अक्षराची उंची १० पिक्सेलांच्या खाली गेली की अचूक वाचनाची आशा फारशी ठेवू नये, आणि ८च्या खाली बहुतेक मजकूर धुळीचा डाग समजून झाडून टाकला जातो, असे त्याच्या माहितीपत्रकातच सांगितले आहे.

‘धुळीचा डाग’ हे शब्द लक्षात घ्यावेत. चुकीचे वाचलेले नाव विचित्र दिसते आणि डोळ्यांस खुपते. परंतु मुळात न सापडलेले अक्षर मागे काहीच ठेवीत नाही. पुराच्या दिवसांत एखाद्या गावाचे नाव केवळ सरकत्या पट्टीत आले असेल आणि पुढे कोणी अभ्यासकाने ते संग्रहात शोधले, तर उत्तर ‘नोंद नाही’ असे येईल. त्या उत्तरावरून गावाची बातमी आलीच नव्हती, असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून यंत्राची पारख करताना त्याने वाचलेल्यांपैकी बरोबर किती, एवढे विचारून भागत नाही. दहा मिनिटांची चित्रफीत माणसाने बसून पाहावी, दिसेल ती प्रत्येक ओळ वेळेसह लिहून काढावी आणि त्यांपैकी यंत्राला किती सापडल्या हे वेगळे मोजावे. नामपट्ट्या, सरकती पट्टी आणि जाहिरातींच्या तळाचा बारीक मजकूर यांचे आकडे एकत्र करू नयेत, कारण मोठ्या अक्षरांचे यश बारीक अक्षरांचे अपयश झाकून टाकते.

पट्टीच्या हलण्यावर इलाज नाही असे मात्र नव्हे. जर्मनीतील मानहाइम विद्यापीठात राइनर लीनहार्ट यांनी १९९६ सालीच असे धरले होते की, चित्रावर लिहिलेला मजकूर एक तर स्थिर असतो, नाही तर सरळ रेषेत चालतो. पट्टीची गती एकसारखी असते. ती मोजावी, प्रत्येक फ्रेम तेवढीच मागे सरकवावी, आणि मग अक्षरे एकमेकांवर बसली की पिट्सबर्गची युक्ती पुन्हा लागू पडते. येथे एक सुखद आश्चर्य आहे. पट्टी दर फ्रेमेला नेमके दोन पिक्सेल न सरकता २.४ सरकत असेल, तर प्रत्येक फ्रेमेत जाळीचे चौकोन अक्षराच्या किंचित वेगळ्या भागावर पडतात. अशा अनेक फ्रेमा एकत्र केल्या तर एका फ्रेमेत नसलेला तपशील खरोखर हाती येतो. हे भिंग अंदाजाचे नाही. रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीच्या पाटीला मात्र हा लाभ सहसा मिळत नाही. ती कॅमेऱ्यासमोर धावली, आणि कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाच तिची अक्षरे फासली गेली. पट्टीची अक्षरे कॅमेऱ्याने टिपलेलीच नसतात. ती चित्रावर मागाहून लिहिलेली असतात, आणि मूळ प्रक्षेपणात प्रत्येक फ्रेमेत ती कोरीव असतात.