सुधारित वय, मुदतपूर्व बालकांचे

सुधारित वय : मुदतपूर्व जन्मलेल्या बालकाचे वय प्रत्यक्ष जन्मदिवसापासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजले असता जे वय येते, त्यास सुधारित वय म्हणतात. बालरोगतज्ज्ञांच्या बोलण्यात ‘करेक्टेड एज’ हाच शब्द रूढ आहे. गर्भधारणेचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म मुदतपूर्व मानला जातो. सुधारित वय काढताना मात्र वजाबाकी 37 आठवड्यांतून नव्हे, तर पूर्ण मुदतीच्या म्हणजे 40 आठवड्यांतून केली जाते. या वयाचा उपयोग वाढ आणि विकास यांचे मूल्यमापन करण्यासाठी होतो, तर लसीकरण जन्मतारखेपासून मोजलेल्या वयानुसार, म्हणजे जन्मवयानुसार, केले जाते.

गणन : जन्माच्या वेळी गर्भाचे जे वय असते त्यास गर्भवय म्हणतात आणि ते शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. 40 आठवड्यांतून गर्भवय वजा केल्यास बालक किती आठवडे आधी जन्मले ते कळते आणि जन्मवयातून तेवढे आठवडे वजा केल्यावर सुधारित वय मिळते. उदाहरणार्थ, प्रसूतीची अपेक्षित तारीख 12 मार्च 2025 असताना एखादे बालक 1 जानेवारी 2025 रोजी जन्मले, तर ते 70 दिवस, म्हणजे 10 आठवडे, आधी जन्मलेले असते व त्याचे गर्भवय 30 आठवडे ठरते. 1 सप्टेंबर 2025 रोजी त्याचे जन्मवय 8 महिने भरते, परंतु सुधारित वय 5 महिने 20 दिवसच असते. अपेक्षित तारीख ठाऊक असल्यास वजाबाकीचीही गरज राहत नाही, कारण त्या तारखेपासून मोजलेले वय हेच सुधारित वय असते.

या गणनाची अचूकता सर्वस्वी गर्भवयावर अवलंबून असते. पाळी अनियमित असल्यास किंवा तिची तारीख नीट लक्षात नसल्यास गर्भवयात काही आठवड्यांची चूक होऊ शकते, म्हणून पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीने ठरवलेली तारीख अधिक विश्वसनीय समजली जाते. जन्मवजनावरून गर्भवयाचा अंदाज बांधणे योग्य नसते, कारण पूर्ण दिवसांचे मूलही कमी वजनाचे असू शकते आणि तसे असल्यास त्याच्या वयात कोणतीही वजावट करावयाची नसते.

विकासाचे टप्पे : मान धरणे, आधाराविना बसणे, उभे राहणे, चालणे यांसारखे टप्पे मुख्यतः मेंदू व मज्जासंस्थेच्या परिपक्वतेवर अवलंबून असतात आणि ही परिपक्वता गर्भधारणेपासून चालू झालेल्या क्रमाने होत जाते, मूल लवकर जन्मले म्हणून तो क्रम तेवढ्याच प्रमाणात पुढे सरकत नाही. त्यामुळे वरील उदाहरणातील बालक 8 महिन्यांचे होऊनही आधाराविना बसत नसेल, तर तेवढ्यावरून ते मागे पडले असे ठरत नाही, कारण त्याची तुलना साधारण साडेपाच महिन्यांच्या बालकाशी करावयाची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार निरोगी मुले आधाराविना बसण्याचा टप्पा साधारण 4 ते 9 महिन्यांच्या दरम्यान गाठतात. त्रिवेंद्रम विकास तक्त्यासारखी चाचणी वापरतानाही मुदतपूर्व बालकाच्या वयाची रेघ सुधारित वयावर आखावी लागते.

ही दुरुस्ती साधारणपणे वयाच्या 2 वर्षांपर्यंत केली जाते. अमेरिकन बालरोग अकादमीने 2004 मध्ये परिभाषा निश्चित करताना 3 वर्षांपर्यंतची मर्यादा सुचवली होती. मर्यादा घालण्याचे कारण असे की, 10 आठवड्यांचा फरक 6 महिन्यांच्या वयात एकतृतीयांशाहून अधिक असतो, परंतु 2 वर्षांच्या वयात तो जवळपास एकदशांशावर येतो आणि पुढे तर नगण्य होतो.

मर्यादा व धोक्याची लक्षणे : सुधारित वयाने केवळ उशिराचा हिशेब होतो, विकृतीचा नाही. मुदतपूर्व बालकांत मेंदूला इजा होण्याचा आणि पुढे मेंदूचा पक्षाघात होण्याचा धोका अधिक असल्याने ‘लवकर झालेले मूल आहे, उशिराच शिकेल’ असे म्हणत थांबणे हानिकारक ठरू शकते. सुधारित 4 महिन्यांनंतरही मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या राहणे, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणे आणि पहिल्या वर्षातच एकाच हाताचा वापर करणे ही लक्षणे तपासणीस पात्र असतात. शेवटची तीन लक्षणे तर सुधारित वयाचा विचार न करताही महत्त्वाची ठरतात. अशा बालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत.

लसीकरण : लसीची वेळ मात्र जन्मवयानुसारच ठरते. आईकडून गर्भाला मिळणारी संरक्षक प्रतिद्रव्ये बहुतांशी शेवटच्या तिमाहीत मिळत असल्याने मुदतपूर्व बालक कमी संरक्षण घेऊन जन्मते आणि डांग्या खोकल्यासारख्या रोगांचा धोका त्याला अधिक असतो. शिवाय जन्मानंतर जंतूंशी येणाऱ्या संपर्काने त्याची प्रतिकारयंत्रणा कार्यरत होऊ लागते, त्यामुळे लस लांबवल्याने लाभ न होता असंरक्षित काळ तेवढा वाढतो.

वरील बालकास 6 आठवड्यांची पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस व न्यूमोकोकल लस 12 फेब्रुवारी 2025 रोजी, म्हणजे अपेक्षित तारखेच्या 4 आठवडे आधीच, देय होते. 10 आठवड्यांच्या लसी नेमक्या 12 मार्चला आणि 14 आठवड्यांच्या 9 एप्रिलला येतात. सुधारित वय लावल्यास पहिल्या लसी 23 एप्रिलपर्यंत लांबल्या असत्या. गोवर-रुबेलाची पहिली मात्राही 9 महिन्यांचे जन्मवय पूर्ण झाल्यावर, 1 ऑक्टोबरला, देय होते, जरी त्या दिवशी सुधारित वय साडेसहा महिन्यांच्या आसपास असले तरी. मात्रा पूर्ण द्यावयाची असते. बालक लहान दिसते म्हणून ती अर्धी करत नाहीत.

याला दोन अपवादवजा बाबी आहेत. 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकात जन्मतःच दिलेल्या हिपॅटायटिस बी लसीचा प्रतिसाद कमी मिळू शकतो, म्हणून ती मात्रा मोजणीत धरत नाहीत; भारतात पेंटाव्हॅलंटमधून पुढे तीन मात्रा मिळत असल्याने क्रम आपोआप पूर्ण होतो. बीसीजी लस 31 आठवड्यांनंतर जन्मलेल्या व प्रकृती स्थिर असलेल्या बालकास जन्मतः किंवा रुग्णालयातून सोडताना देता येते. त्याहून लहान बालकांबाबत निर्णय डॉक्टर घेतात. अतिमुदतपूर्व, म्हणजे 28 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या, बालकांत लसीनंतर क्वचित श्वास थांबण्याचे किंवा हृदयगती मंदावण्याचे प्रसंग येतात, म्हणून पहिल्या लसी अतिदक्षता कक्षात दिल्यास त्यांच्यावर 48 ते 72 तास लक्ष ठेवतात.

त्यामुळे मुदतपूर्व बालकाच्या कार्डावर जन्मतारीख आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख या दोन्हींची नोंद आवश्यक असते : लसीच्या दिवसासाठी पहिली तारीख धरावयाची असते, तर विकासाच्या तक्त्यासाठी दुसरी.