खात्यात पैसे नाहीत, गुण आहेत

मार्च २०२३ मध्ये मी जर्मनीत नोकरीला होतो आणि ताई इकडे संपावर होती. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, २०१० साली लागली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना राज्याची जुनी पेन्शन नाही, म्हणून 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत ती मोर्चात चालत होती. बाबाही शिक्षकच, पण १९८२ सालचे. त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता मिळतो. एकाच घरात, एकाच पेशात दोन वेगळी म्हातारपणं. व्हिडिओ कॉलवर ती मला म्हणाली, "तू इंजिनियर ना? मग सांग, बाबांना परवडतं ते मला का परवडत नाही?"

मला सांगता आलं नाही. पण त्याच आठवड्यात माझी पगाराची पावती आली. तिच्यात सरकारी पेन्शन विम्यासाठी ९.३ टक्के कपात होती आणि तितकेच कंपनी भरत होती. मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, "हे माझे पैसे कुठे गुंतवतात?" तो हसला. "कुठेच नाही. या महिन्यात माझ्या आईची पेन्शन झाली त्यातून."

मला वाटलं, थट्टा करतोय. तो खरंच सांगत होता. जर्मनीच्या पेन्शन विम्याकडे साधारण दीड महिन्याच्या खर्चाइतकीच गंगाजळी असते. बाकी सगळं आलं तसं गेलं. याला पे-ॲज-यू-गो म्हणतात: आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन. दुसरा प्रकार निधीचा: तुमचे पैसे तुमच्या नावाने साठतात, रोख्यांत आणि शेअर्समध्ये वाढतात आणि शेवटी तुम्हालाच मिळतात. ताईची नवी पेन्शन या दुसऱ्या जातीची.

गंमत म्हणजे जर्मनीने सुरुवात निधीपासूनच केली होती. बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, कामगारांच्या म्हातारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वय ठेवलं होतं ७०, म्हणजे बहुतेक कामगार तिथवर पोचतच नसत. वर्गणीचा निम्मा वाटा मालकाचा. जमलेला पैसा सरकारी रोखे, घरतारण अशा 'सुरक्षित' ठिकाणी ठेवायचा. आपले आजोबा पोस्टात ठेवायचे तसंच.

मग महायुद्ध आलं, आणि १९२३ ची महागाई. त्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. रोख्यावरचा आकडा जिथल्या तिथे होता, फक्त त्यात पाव येत नव्हता. तीस वर्षं साठवलेला निधी असा संपला. पुन्हा निधी उभारला, तो नाझी सरकारच्या रोख्यांत गेला आणि दुसऱ्या महायुद्धाबरोबर त्याचाही बहुतेक भाग बुडाला. निधीवाल्यांशी वाद घालताना हे लक्षात ठेवावं: लोक कमी पडले म्हणून तो निधी बुडाला नव्हता. चलन बुडालं होतं.

१९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत कारखाने धडाक्यात चालले होते, मजुरी वाढत होती आणि म्हातारे मात्र जुन्या आकड्यांच्या पेन्शनवर कसेबसे जगत होते. १९५५ मध्ये विल्फ्रिड श्रायबर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक योजना मांडली. साठवूच नका, म्हणाला. कमावत्यांनी दर महिन्याला द्यावं, म्हाताऱ्यांना त्याच महिन्यात मिळावं, आणि मजुरी वाढली की पेन्शनही वाढावी. ही योजना चॅन्सेलर आडेनाउअरपर्यंत पोचली, तीही त्याच्या पाद्री मुलाच्या, पाउलच्या मार्फत. अर्थमंत्री एरहार्ड साशंक होता. तरी जानेवारी १९५७ मध्ये कायदा झाला, पेन्शन सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास वाढली आणि त्याच वर्षी आडेनाउअरच्या पक्षाने स्पष्ट बहुमत मिळवलं. मोठा साठा ठेवण्याची अटही १९६९ मध्ये गेली.

पण श्रायबरच्या योजनेला दुसरा भाग होता, आणि मला सगळ्यात जास्त तोच खटकतो. त्याचा करार तीन पिढ्यांचा होता. कमावत्यांनी म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी, तशीच मुलांनाही एक 'बालपेन्शन' द्यावी. मोठी झाल्यावर त्यांनी ती फेडावी, आणि ज्यांना मूल नाही त्यांनी जास्त फेडावं. कारण उद्याचे वर्गणीदार म्हणजे आजची मुलंच, आणि ती वाढवण्याचा खर्च कुणीतरी करत असतो. आडेनाउअरने हा भाग गाळला. मुलं काय, लोकांना होतच राहतात, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. म्हातारे मत देतात, पाळण्यातली मुलं देत नाहीत, हेही असेल.

आता गणित. समजा, सरासरी मजुरीच्या निम्मी पेन्शन द्यायची आहे. एका पेन्शनरामागे ६ कमावते असतील तर प्रत्येकाच्या पगारातून साधारण ८ टक्के पुरतात. ३ असतील तर १७. दोनच असतील तर २५. मजुरी कितीही वाढू द्या, हा टक्का हलत नाही, कारण पेन्शनही मजुरीला बांधलेली आहे. १९६२ मध्ये तिथे एकामागे ६ वर्गणीदार होते. आता दोनच्या आसपास आहेत.

हे कसं झालं? १९६४ मध्ये दोन्ही जर्मनी मिळून साडेतेरा लाखांहून जास्त मुलं जन्मली. १९७५ मध्ये आठ लाखसुद्धा नाही. शिवाय माणसं जास्त जगू लागली: १९६० मध्ये पेन्शन सरासरी १० वर्षं घेतली जायची, आता २० वर्षं. १९६४ ची ती मोठी फळी जोवर कमवत होती तोवर वर्गणी भरपूर येत होती आणि सगळं छान चाललं होतं. तीच फळी २०३१ मध्ये ६७ वर्षांची होते, आणि नेमकं तेच तिच्यासाठी ठरलेलं निवृत्तीचं वय आहे.

अशी व्यवस्था बँकेसारखी एका सकाळी बुडत नाही. ताण हळूहळू दिसतो. वर्गणी १९५७ मध्ये १४ टक्के होती, आता १८.६ आहे. निवृत्तीचं वय पुढे सरकलं. पेन्शनवाढीच्या सूत्रात २००४ मध्ये एक घटक घातला, पेन्शनर वाढले की वाढ कमी. आणि तरी पुरत नाही म्हणून करांतून दरवर्षी १०,००० कोटी युरोंहून जास्त घालावे लागतात. एखाद्या देशाच्या पेन्शनची तब्येत बघायची असेल तर या चार गोष्टी बघाव्यात, मंत्र्यांची भाषणं नव्हेत.

मग निधी असता तर सुटले असते का? अर्धवट. गेरहार्ड माकेनरोथने १९५२ मध्येच सांगितलं होतं की सामाजिक खर्च नेहमी त्या त्या वर्षीच्या उत्पन्नातूनच भागतो. २०४० मध्ये म्हातारा जी भाकरी खाईल ती २०४० मध्येच कुणीतरी भाजलेली असेल. सगळे म्हातारे एकदम शेअर विकायला निघाले आणि घेणारे थोडे असले, तर भाव पडेल. पळवाट एकच: पैसा तरुण देशांत गुंतवलेला असणं. आणि मधे बाजार कोसळला तर तो धोका ज्याचा त्याने सोसायचा. ताईचा राग याच गोष्टीवर आहे आणि तो मला चुकीचा वाटत नाही.

बाबांची पेन्शनही पे-ॲज-यू-गोच, फक्त वर्गणीशिवाय. ती आजच्या करांतून येते. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता, म्हणजे आपणही आडेनाउअरचं ते वाक्य म्हणू शकत नाही. हे मी ताईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग मला दे श्रायबरचा दुसरा भाग. वर्गात बेचाळीस आहेत."

तो दुसरा भाग जर्मनीत दुसऱ्याच दाराने आला. माझ्या पावतीवर वृद्ध-रुग्णसेवा विम्याची एक ओळ असे, आणि २३ वर्षांवरच्या मूल नसलेल्यांना तिथे थोडी जादा वर्गणी पडते. घटनापीठाच्या २००१ च्या निकालानंतर हे लागू झालं. पेन्शनमध्ये मात्र अजून नाही.

परत आल्यावर तिथल्या पेन्शन कार्यालयाचं पत्र आलं. ताईने उघडून रक्कम शोधली. रक्कम नव्हती. २६ महिने होते आणि काही गुण. वर्षभर सरासरी पगार मिळवला की एक गुण, आणि त्या गुणाचे युरो किती हे दरवर्षी नव्याने ठरतं.

"म्हणजे तुझेही नक्की नाहीत," ती म्हणाली आणि पत्र बाबांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "पण हे ठरवतं कोण?"