हा नमस्कार नक्की कुणाला?

आपल्या नाहूरमध्ये भरतनाट्यमच्या क्लासबाहेर थांबलेले एक पालक म्हणाले, "अहो, रोज हे बाईंच्या पाया पडणं कशाला?"

मित्रांनो, नीट बघा. मुलगी आधी खाली बसून जमिनीला हात लावते, तो डोळ्यांना टेकवते. आता पाय आपटणार, म्हणून भूमीची आगाऊ क्षमा. मग हात जोडते: डोक्यावर देवाला, कपाळासमोर गुरूला, छातीशी प्रेक्षकांना.

आता यातल्या गुरूबद्दल. हे नृत्य शिकवणारे नट्टुवनार मूळचे तमिळ मुलखातले, देवदासींच्या नात्यागोत्यातले. सरफोजी राजांच्या तंजावर दरबारात त्यांना मोठा मान होता. पुढे देवदासींना समाजाने हिणवलं. अशाच नट्टुवनार घराण्यातल्या गुरूंनी १९४५ साली माटुंग्यात राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू केलं आणि पांढरपेशा घरांतल्या मुली त्यांच्यापुढे वाकायला लागल्या.

म्हणजे जात आणि प्रतिष्ठा बाजूला ठेवून विद्येपुढे वाकणं, हा या नमस्काराचा मुंबईतला इतिहास आहे. पण तो अर्धाच. ज्या देवदासींनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांचं देवळातलं नाचणं १९४७ च्या मद्रास कायद्याने बंद झालं. पुरुष गुरू ठरले, बायका विस्मरणात गेल्या.

मुलीला नमस्कार शिकवताना त्यांचंही नाव काढा.