गारव्यापासून गरमपर्यंत

डिसेंबर संपता संपता जिंतूरला सकाळी गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. परभणीचा पारा किती उतरला हे दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, आम्हाला ते आधीच बोटांवरून कळलेलं असतं. अशाच एका सकाळी इंग्रजी शाळेत जाणारी माझी नात वही घेऊन जवळ आली. "नाना, कोल्डपासून वॉर्मपर्यंत जायचंय. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि प्रत्येक वेळी खरा शब्द झाला पाहिजे." मी म्हटलं, चहा घे, लगेच पोचशील. पण तिला शब्दांची शिडी हवी होती. ती शिडी माझ्या डोक्यात अशी बसली, की नात शाळेत गेली तरी मी वही घेऊन बसलेलोच होतो.

हा खेळ लुईस कॅरोलचा. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' लिहिणारा तोच. ऑक्सफर्डमध्ये तो गणित शिकवायचा आणि त्याचं खरं नाव चार्ल्स डॉजसन. 1877 च्या नाताळात ज्युलिया आणि एथेल अर्नोल्ड या दोन बहिणींनी 'आम्हाला करायला काहीच नाही' अशी कुरकुर केली, तेव्हा त्याने त्यांच्यासाठी हे कोडं काढलं. (यातली ज्युलिया म्हणजे पुढे कादंबरीकार आल्डस हक्सलेची आई.) मार्च 1879 मध्ये 'व्हॅनिटी फेअर' या लंडनच्या साप्ताहिकाने ते छापायला घेतलं आणि त्याच वर्षी त्याचं छोटं पुस्तकही निघालं. नाव होतं 'डब्लेट्स'. दोन टोकांचे शब्द म्हणजे डब्लेट, मधल्या पायऱ्या म्हणजे कड्या आणि सगळी मिळून साखळी. अक्षरांची जागा बदलायची नाही, संख्या वाढवायची नाही, एका पायरीला एकच अक्षर बदलायचं. टोकं मात्र गमतीची असायची. डुकराला गोठ्यात घाला, गव्हाची भाकरी करा, डोक्याची शेपटी करा, असं.

आता नातीचं कोडं पाहू. कोल्ड म्हणजे सी, ओ, एल, डी. वॉर्म म्हणजे डब्ल्यू, ए, आर, एम. एकाखाली एक लिहून पाहा, चारही घरांतली अक्षरं वेगळी आहेत. म्हणजे चार बदल लागणारच, त्याहून कमीत हे जमणं शक्य नाही. प्रश्न उरतो तो फक्त आधी कुठलं अक्षर बदलायचं याचा. चार बदलांचे चोवीस क्रम होतात, आणि त्यातले बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच कोसळतात. ओ काढून ए घातला तर 'काल्ड' होतं, असा शब्द नाही. डी काढून एम घातला तर 'कोल्म', तोही नाही. एल काढून आर घातला की मात्र 'कॉर्ड' होतं, म्हणजे दोरी. ती धरून पुढे चढता येतं. कॉर्डमधला ओ काढून ए घातला की कार्ड. सीच्या जागी डब्ल्यू आला की वॉर्ड, दवाखान्यातला किंवा नगरपालिकेचा, हवा तो घ्या. शेवटी डी काढून एम घातला की वॉर्म. कोल्ड, कॉर्ड, कार्ड, वॉर्ड, वॉर्म. नातीला हीच शिडी सापडली होती.

मी शब्दकोश उघडला तेव्हा आणखी वाटा दिसल्या. कॉर्डवरून 'वर्ड'वर जाता येतं, तिथून वॉर्डवर किंवा 'वर्म'वर, म्हणजे अळीवर, आणि तिथून वॉर्मवर. नेहमीच्या शब्दांनी अशा तीन शिड्या होतात. मग एक 'कॉर्म' सापडला. अळू-सुरणाच्या जातीच्या कंदाला वनस्पतिशास्त्रात तो शब्द आहे. एक 'वोल्ड'ही सापडला, म्हणजे उघड्या टेकाडाचा मुलूख. हे दोन मान्य केले की आणखी तीन शिड्या उभ्या राहतात. वोल्डमुळे तर कॉर्डची गरजही संपते. पण नात ऐकेना. "हे शब्द बाईंना माहीत नाहीत," म्हणाली.

खरं भांडण इथे आहे, आणि ते कॅरोललाही चुकलं नाही. सुरुवातीला त्याने एवढंच सांगितलं होतं, की मधले शब्द भल्या लोकांच्या बैठकीत बोलता येतील असे असावेत. वाचकांनी मात्र कोशाच्या कोपऱ्यांतून असे शब्द उकरून पाठवले, की शेवटी त्याला चालणाऱ्या शब्दांची यादीच करून द्यावी लागली. यादीत असेल तो शब्द खरा, नसेल तो नाही. भल्या लोकांची ही बैठक कुठे भरते आणि तिथे कोण बसतं, हा प्रश्न मला या कोड्यात पहिल्यांदा पडला असं नाही. मराठवाड्यातल्या बोलीत लिहिणाऱ्याला तो फार आधीपासून माहीत असतो.

मग मी म्हटलं, हे मराठीत करून बघू. थंड आणि गरम घेतले तर सुरुवातीलाच अडतं. थंड दोन अक्षरांचा, गरम तीन. गार आणि ऊन घेतले. ऊन म्हणजे उन्हातलं ऊन नव्हे, ऊन ऊन भातातलं. गारमधला 'गा' काढून 'ऊ' घातला की ऊर, म्हणजे छाती. ऊरमधला 'र' काढून 'न' घातला की ऊन. गार, ऊर, ऊन. दोन पायऱ्यांत काम झालं. उलट क्रमानेही होतं: गार, गान, ऊन. कवीला बरं वाटावं अशा दोन्ही शिड्या आहेत, पण मला जरा फसवल्यासारखंही वाटलं. इतक्या सहज कसं जमलं?

कारण आपण 'एक अक्षर' म्हणतो ते इंग्रजीच्या एका अक्षराएवढं नसतं. इंग्रजीत एका घरात सव्वीसांपैकी एक बसतं. आपल्याकडे चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेवर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. 'गा'च्या जागी 'ऊ' ठेवला तेव्हा मी व्यंजन काढलं आणि स्वरही बदलला. एका पायरीत दोन पायऱ्या चढलो आणि वर एकच मोजली. म्हणजे मराठीत आधी ठरवायला हवं, की अख्खं अक्षर बदलायची मुभा आहे, की व्यंजन आणि मात्रा वेगवेगळ्या मोजायच्या.

हा भेद आपल्या जुन्या लोकांना चांगला ठाऊक होता. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने 'कादंबरी'त शूद्रक राजाचे विरंगुळे सांगितले आहेत, त्यात अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक ही दोन नावं वेगवेगळी येतात. एकात श्लोकातलं अक्षर गाळलं की दुसरा अर्थ निघतो, दुसऱ्यात फक्त मात्रा गाळली की निघतो. शेजारीच बिंदुमती आहे. तिच्यात अक्षरांच्या जागी नुसते ठिपके देतात, मात्रा तेवढ्या ठेवतात आणि श्लोक ओळखायला सांगतात. ही काही शिडी नव्हे. पण अक्षराचा खेळ वेगळा आणि मात्रेचा वेगळा, हे तिथे स्पष्ट आहे.

मग मी तीन अक्षरी जोडी घेतली, गारवा आणि गरम. दोन दिवस गेले. बाजारातून येताना वेशीपाशी पारवे बसलेले दिसले आणि वाट सुटली. गारवा. 'गा'चा 'पा' केला की पारवा. 'पा'ची मात्रा काढली की परवा. 'वा'च्या जागी 'म' आला की परम. 'प'चा 'ग' केला की गरम. गारवा, पारवा, परवा, परम, गरम. इंग्रजीइतक्याच चार पायऱ्या, आणि एकही शब्द असा नाही की जो जिंतूरच्या भाजीवालीला सांगावा लागेल.

कोकणातल्या एका मित्राला फोनवर ही शिडी ऐकवली तर तो हसला. म्हणाला, "एवढं फिरायचं कशाला? गारवा, गरवा, गरम. दोन पायऱ्या." गरवा म्हणजे उशिरा पिकणारं भात. लवकर येतं ते हळवं, उशिरा येतं ते गरवं. भातशेतीच्या मुलखात हा शब्द रोजचा आहे. आमच्याकडे ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन. आमच्यासाठी त्याचा गरवा म्हणजे नातीच्या बाईंचा वोल्ड. मला तो मान्य करावा लागला. शब्द माझ्या शिवारात उगवत नाही म्हणून तो खोटा कसा ठरेल?

पण मात्रेचा कडक नियम लावला तर दोन्ही शिड्या मोडतात. परवावरून परमवर जाताना मी 'व'चा 'म' केला आणि काना पण काढला. हे दोन बदल झाले. त्याच्या गरव्याचंही तेच. मधे एक पायरी हवी, जिथे व्यंजन बदललंय पण काना अजून आहे. 'गरमा' असा सुटा शब्द नाही. म्हणजे मित्राची वाट बंद. माझ्या वाटेवर तो शब्द आहे: परमा. म्हाताऱ्या माणसांना माहीत असेल, जुन्या मराठीत एका गुप्तरोगाचं हे नाव. गारवा, पारवा, परवा, परमा, परम, गरम. पाच पायऱ्या, प्रत्येकीत एकच बदल, नियमात चोख बसणारी शिडी. फक्त कॅरोलच्या भल्या लोकांच्या बैठकीत ती सांगता येणार नाही, आणि नातीच्या वहीत तर नाहीच. मी तिला चार पायऱ्यांचीच दिली.

संध्याकाळी ती पुन्हा आली. "नाना, उर्दूत होतं का?" वडिलांनी मला उर्दूची अक्षरं पाटीवर शिकवली होती, ती आठवत मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. सर्द: सीन, रे, दाल. गर्म: गाफ, रे, मीम. ऱ्हस्व स्वर तिथे लिहायचेच नसतात, त्यामुळे काना-मात्रेचं भांडणच नाही. तीन अक्षरं, मधला रे दोन्हीकडे सारखा, म्हणजे कमीत कमी दोन पायऱ्या. दालच्या जागी आधी मीम ठेवला तर 'सर्म' होतं, ते काही नाही. सीनच्या जागी आधी गाफ ठेवला तर गर्द होतं, म्हणजे धूळ. मग दालचा मीम केला की गर्म. सर्द, गर्द, गर्म.

नातीने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. कापसाचा एक ट्रॅक्टर नुकताच गेला होता. "नाना, मधली पायरी तर आपल्या दारातच आहे," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.