स्लाइड क्रमांक आणि प्रगतिदर्शक

स्लाइड क्रमांक आणि प्रगतिदर्शक म्हणजे एकामागून एक सरकवत पाहायच्या चित्रमालिकेत वाचक सध्या कोठे आहे आणि अजून किती स्लाइड पाहायच्या आहेत हे सांगणाऱ्या खुणा होत. ‘३/७’ असा अंक, चित्राखालील ठिपक्यांची ओळ, वरच्या कडेला भरत जाणारी पट्टी आणि पुढच्या स्लाइडची किंचित दिसणारी कड ही त्यांची नेहमीची रूपे आहेत. यांतील काही खुणा उपयोजन (ॲप) स्वतः दाखवते, तर काही मालिका तयार करणारा चित्रातच कोरतो. या दोन प्रकारांतील फरक वरवर किरकोळ वाटतो; परंतु या विषयातील बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात.

## पार्श्वभूमी

आपण ग्रंथात कोठवर आलो हे वाचकाला कळण्याची सोय जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांची पाने सुटी असत. त्यामुळे पानाच्या समासात पत्रांक लिहिण्याची पद्धत होती आणि तो बहुधा पानाच्या मागच्या बाजूस असे. पाने विस्कटली तर पोथी पुन्हा लावता यावी हा त्याचा मुख्य हेतू होता. मात्र किती पाने उरली हे सांगण्याची गरज नव्हती, कारण उरलेल्या गठ्ठ्याची जाडी हातालाच कळत असे. पडद्यावर नेमकी ही जाडी नाहीशी होते. सात स्लाइडची मालिका आणि वीस स्लाइडची मालिका पहिल्या चित्रावरून सारखीच दिसते.

संगणकावर काम कितपत झाले हे दाखवणाऱ्या दर्शकांचा अभ्यास ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळतो. काम किती टक्के झाले हे दिसत राहिलेले वापरकर्त्यांना अधिक पसंत पडते, असे त्यांना दिसून आले. हाताने सरकवायच्या पडद्यांसाठी ठिपक्यांची ओळ आयफोनमुळे सर्वपरिचित झाली. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०१७ मध्ये एका पोस्टमध्ये दहापर्यंत चित्रे किंवा चित्रफिती देण्याची सोय केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ही मर्यादा वीसवर नेली. मर्यादा वाढल्यावर ठिपक्यांची उणीव अधिक जाणवू लागली.

## ठिपके आणि अंक

ठिपके स्थान सांगतात, संख्या सांगत नाहीत. चार-पाच ठिपके नजरेत एकदम मावतात. त्यापुढे ते मोजावे लागतात, आणि सरकवता सरकवता कोणी ठिपके मोजत बसत नाही. ॲपलच्या आरेखन मार्गदर्शिकेतही सुमारे दहापेक्षा अधिक ठिपके एका दृष्टिक्षेपात मोजणे अवघड असल्याचे म्हटले आहे. इन्स्टाग्राम तर अधिक स्लाइड असताना सर्व ठिपके दाखवतच नाही. मधले काही ठिपके पूर्ण आकाराचे असतात, कडेचे लहान होत जातात आणि वाचक पुढे जाईल तशी ओळ सरकते. ‘पुढे अजून आहे’ एवढेच त्यातून कळते. किती आहे हे कळत नाही.

अंकाला ही मर्यादा नाही. इन्स्टाग्राम चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘३/७’ अशा स्वरूपाचा अंक दाखवते, पण काही क्षणांनी तो विरून जातो. शिवाय तो चित्राचा भाग नसतो. वाचकाने एका स्लाइडचे पडदाचित्र घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवले, तर बहुधा कडा कापताना ठिपके आणि अंक दोन्ही गळून पडतात.

## चित्रात कोरलेला क्रमांक

अतिसार झालेल्या मुलाला जलसंजीवनी कशी द्यावी याविषयीची सात स्लाइडची मालिका उदाहरण म्हणून घेता येईल. पहिली स्लाइड मुखपृष्ठ आहे. दुसरीवर शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत. तिसरीवर ओआरएसचे पाकीट त्यावर सांगितलेल्या प्रमाणातील पाण्यात, म्हणजे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, पूर्ण विरघळवण्याची कृती आहे. चौथीवर पाकीट न मिळाल्यास घरी करायचे द्रावण आहे: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाचवीवर घोट-घोट कसे पाजावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण का फेकावे हे आहे. सहावीवर मूल ग्लानीत असेल, त्याला पिता येत नसेल किंवा शौचावाटे रक्त पडत असेल तर तत्काळ दवाखान्यात न्यावे, ही सूचना आहे. सातवीवर माहितीचे स्रोत आहेत.

यांपैकी सर्वाधिक पुढे पाठवली जाईल ती चौथी स्लाइड, कारण कृती तिच्यावर आहे. क्रमांक नसेल तर ती स्वयंपूर्ण सूचनापत्रासारखी दिसते आणि सहाव्या स्लाइडवरील इशारा वाचकापर्यंत पोहोचत नाही; तो पोहोचला नाही हेही त्याला कळत नाही. त्याच चित्रावर ‘४/७’ कोरलेले असेल तर आपल्या हाती तुकडा आहे एवढे तरी वाचकाला समजते. पोथीच्या सुट्या पानावरील पत्रांकाचे काम ते हेच. ज्या मालिकेत धोक्याची सूचना वेगळ्या स्लाइडवर आहे, तेथे निव्वळ क्रमांकावर न थांबता ‘धोक्याची लक्षणे ६ व्या स्लाइडवर’ अशी ओळ कृतीच्याच स्लाइडवर देणे अधिक सुरक्षित ठरते.

सर्वांत नेहमीची चूक मोजणी कोठून सुरू करायची याबाबत होते. आरेखक मुखपृष्ठ आणि स्रोतांची स्लाइड वगळून मधल्या पाचच स्लाइडना क्रमांक देतो. मग घरगुती द्रावणाच्या स्लाइडवर चित्रात ‘३/५’ दिसते आणि त्याच वेळी उपयोजनाचा अंक ‘४/७’ सांगत असतो. दोन्ही आपापल्या परीने बरोबर असले तरी वाचकाला त्यांतील एक चुकीचा वाटतो. मुखपृष्ठावर अंक छापला नाही तरी चालेल, पण त्याची गणना एक अशीच करावी, हा यावरचा साधा उपाय आहे. मुद्द्यांनाच क्रमांक द्यायचे असतील तर ‘कृती ३’ असे शब्दासह लिहावे, म्हणजे तो अंक स्लाइडचा मानला जात नाही.

दुसरी चूक जागेची. वरचा उजवा कोपरा इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या अंकाने झाकला जातो, म्हणून कोरलेला क्रमांक तेथे ठेवू नये. १०८० × १३५० बिंदूंचे चित्र मध्यभागी चौरस कापले, तर वरून आणि खालून प्रत्येकी १३५ बिंदू जातात. काठाला चिकटवलेला क्रमांक अशा वेळी अर्धा तुटतो. आकाराचा हिशेबही सोपा आहे. सुमारे ३९० एकक रुंदीच्या फोनवर १०८० बिंदूंचे चित्र जवळपास पावणेतीन पटींनी लहान होते. त्यामुळे संगणकावर ३६ बिंदूंचा ठळक वाटणारा अंक हातात १३ एककांचा उरतो. त्याहून लहान अंक देणे म्हणजे तो न देण्यासारखेच. छायाचित्रावर थेट पांढरा अंक लिहिल्यास एखाद्या उजळ स्लाइडवर तो हमखास नाहीसा होतो. त्यामागे गडद पट्टी असावी.

कोरलेल्या क्रमांकाचा खरा दोष असा की तो बदलत नाही. प्रसिद्ध झालेल्या पोस्टमधून एखादी स्लाइड काढून टाकता येते. वरील मालिकेतून पाचवी स्लाइड काढली, तर उपयोजनाचा एकूण आकडा सहा होतो, पण चित्रे मात्र ‘४/७’ नंतर ‘६/७’ दाखवतात. एक स्लाइड आपल्याकडून निसटली असे समजून वाचक मागे-पुढे सरकवत राहतो. म्हणून आरेखन पूर्ण होऊन स्लाइडची संख्या निश्चित झाल्यावरच, शेवटच्या टप्प्यात, क्रमांक टाकण्याची पद्धत रूढ आहे.

## मराठीतील क्रम आणि अंक

‘४/७’ हे चिन्ह दोन्ही भाषांत तसेच राहते, पण शब्दांत लिहिताना क्रम उलटतो. इंग्रजीत आधी स्थान आणि मग एकूण संख्या येते. मराठीत ‘७ पैकी ४’ असे म्हणावे लागते. भाषांतरासाठी दिलेल्या वाक्यात दोन्ही जागा केवळ `%d` अशा असतील, तर भाषांतरकाराने ‘पैकी’ हा शब्द बरोबर योजूनही पडद्यावर ‘४ पैकी ७’ असे निरर्थक वाक्य उमटते. जागांना क्रमांक दिल्यास हा दोष टळतो:

```xml
<!-- values/strings.xml -->
<string name="pos">%1$d of %2$d</string>
<!-- values-mr/strings.xml -->
<string name="pos">%2$d पैकी %1$d</string>
```

ही चूक चाचणीत सहज सुटते, कारण शेवटच्या स्लाइडवर ‘७ पैकी ७’ दोन्ही प्रकारे बरोबरच दिसते. तपासणी मधल्या एखाद्या स्लाइडवर करावी.

युनिकोडच्या स्थानिक माहितीसंचात मराठीसाठी देवनागरी अंक मूलभूत मानले आहेत. त्यामुळे मराठी भाषा निवडलेल्या प्रणालीत ‘४/७’ आपोआप देवनागरीत येऊ शकते, तर आरेखकाने चित्रात रोमन अंक टाकलेले असतात. अर्थ बिघडत नाही, परंतु दोन्ही एकाच लिपीत असणे बरे.

## दृष्टिहीन वाचक

चित्रात कोरलेला अंक पडदावाचकाला दिसत नाही. इन्स्टाग्रामवर तो प्रत्येक चित्राच्या पर्यायी मजकुरात लिहावा लागतो. संकेतस्थळावरील सरकत्या मालिकेत प्रत्येक स्लाइडला वाचनीय नाव देण्याची रीत आहे:

```html
<div role="group" aria-roledescription="स्लाइड"
     aria-label="७ पैकी ४">
```

असे नाव नसेल तर ठिपक्यांची ओळ अनेकदा सात निनावी बटणे म्हणून वाचली जाते. ठिपका रंगानेच निवडलेला दाखवणे हाही दोष आहे. निवडलेला ठिपका लांबट किंवा मोठा केल्यास रंग न ओळखणाऱ्यालाही फरक कळतो.

## परिणामाविषयीचे मतभेद

किती उरले हे कळल्यास वाचक शेवटपर्यंत जातो, असे सरसकट सांगितले जाते. पुरावा मात्र इतका सरळ नाही. आना व्हिलार, मारिओ कॅलेगारो आणि योंगवेई यांग यांनी २०१३ मध्ये ऑनलाइन सर्वेक्षणांतील प्रगतिदर्शकांवरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. समान वेगाने भरणाऱ्या पट्टीमुळे अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण कमी होत असल्याचे त्यांना आढळले नाही. सुरुवातीस वेगाने भरून पुढे मंदावणाऱ्या पट्टीमुळे ते कमी झाले, तर सुरुवातीस संथ असलेल्या पट्टीमुळे वाढले. म्हणजे दर्शक ओढ निर्माण करतो तसा परावृत्तही करू शकतो: ‘२/२०’ पाहून काही वाचक तेथूनच परततात.

सर्वेक्षण आणि चित्रमालिका यांत फरक आहे, त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पट्टीचा वेग लबाडीने बदलण्यासारखे काही स्लाइड क्रमांकात करताही येत नाही. चार म्हणजे चारच. जे करता येते ते मजकुराच्या वाटणीत. पहिल्या दोन-तीन स्लाइडवर मजकूर कमी ठेवला तर अंक लवकर पुढे सरकतो, आणि दाट मजकुराची स्लाइड येईपर्यंत वाचक निम्म्या वाटेवर पोहोचलेला असतो. वरील मालिकेत प्रमाणे सांगणारी चौथी स्लाइड नेमकी तेथेच येते.

केव्हा क्रमांक देऊ नये यालाही उदाहरणे आहेत. तीन छायाचित्रांच्या मालिकेत ठिपके पुरेसे असतात आणि चित्रावर अंक छापणे हा चित्राचाच उपमर्द ठरतो. दोन स्लाइडच्या ‘आधी आणि नंतर’ अशा जोडीत पुढच्या चित्राची कड दिसली तरी काम भागते. लिंक्डइनवर पाने सरकवायच्या दस्तऐवजात उपयोजन स्वतःच पानाचा आकडा दाखवते, परंतु दस्तऐवज उतरवून घेऊन छापला जाण्याची शक्यता असल्याने तेथे पृष्ठांक मुळातच असावा लागतो.