व्यसन आणि अपेक्षेची तफावत : डोपामाइन संशोधनाचा एक टप्पा

डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अशा केंद्रातून निर्व्यसनी होऊन परतलेला माणूस खामगावच्या बसस्थानकावर उतरतो, जुना गुत्ता दिसतो आणि घशाला कोरड पडते. थेंबही पोटात गेलेला नसताना ही ओढ कोठून येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

याच सुमारास स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे वोल्फ्राम शुल्त्झ माकडांच्या मेंदूतील डोपामाइन-पेशींचे विद्युत्-संदेश नोंदवीत होते. रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की पेशी उसळत. दिव्यानंतर रस मिळतो हे माकड शिकल्यावर ती उसळी दिव्याकडे सरकली. रसाच्या वेळी काहीच घडेना. दिवा लागूनही रस न दिल्यास नेमक्या त्या क्षणी पेशी मंदावत. शुल्त्झ, डायन व माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याचा अर्थ मांडला : हा संदेश सुखाचा नसून, मिळालेले वजा अपेक्षिलेले या तफावतीचा आहे.

उदाहरणार्थ, बक्षीस १० आणि प्रत्येक खेपेस निम्मी तफावत अपेक्षेत मिळते असे धरू. तफावत १०, ५, २.५ अशी घटते, अपेक्षा ५, ७.५, ८.७५ अशी वाढून दहाजवळ स्थिरावते. शिकणे संपते.

डेव्हिड रेडिश यांनी २००४ मध्ये विचारले, मादक द्रव्यच थेट डोपामाइन वाढवीत असेल तर? तफावत दोनच्या खाली येऊच शकत नाही असे माना. मग ८.७५ नंतर अपेक्षा ९.७५, १०.७५, ११.७५ अशी चढतच राहते. पेशींना प्रत्येक खेप 'अपेक्षेहून अधिक' वाटते आणि खुणेचे मोल फुगत जाते.

मांडणी देखणी आहे; पण ती पूर्णतः टिकली नाही. ती खरी असती तर, एक खूण कोकेनशी आधीच जोडलेली असतानाही, सोबत दाखविलेली दुसरी खूण उंदरांनी शिकायला हवी होती, कारण तफावत उरतेच. पॅनलिलिओ व सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात पहिल्या खुणेने दुसरीचे शिकणे अडविले. शिवाय दारू डोपामाइनवर अधिक आडवळणाने परिणाम करते. तिला हे गणित जसेच्या तसे लावणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

खुणेचा भाग मात्र टिकून आहे. खूण दिसूनही द्रव्य मिळाले नाही तर तफावत उणे होते व अपेक्षा ओसरते. परंतु त्यासाठी खूण दिसावी लागते. केंद्रात गुत्ता नसतो, म्हणून त्याचे मोल तेथे घटत नाही. घटले तरी ते पुसले जात नाही. विझलेला प्रतिसाद विश्रांतीनंतर परततो, हे पावलॉव्ह यांनीही नोंदविले होते. त्यामुळे बसस्थानकावरचे ते शिकणे मुक्कामानंतर, गावातच, पुन्हापुन्हा घडावे लागते.